मुंबई रीजन निवडला, पण प्रती कुठे राहिल्या?

क्लाउडवर नवं खातं उघडलं की थोड्याच वेळात रीजनची यादी समोर येते. पेमेंट कंपनीत किंवा बँकेच्या आयटीत काम करणारा माणूस त्यातून `ap-south-1`, म्हणजे मुंबई निवडतो आणि कम्प्लायन्सच्या फॉर्मवर ‘डेटा भारतातच’ अशी टिक करून मोकळा होतो. ही टिक बऱ्याचदा चुकीची असते. कोणी फसवत असतं असं नाही. रीजन निवडल्याने मूळ डेटाबेस कुठे बसेल एवढंच ठरतं. त्याच डेटाचा बॅकअप, त्याचा लॉग, मेसेजच्या रांगेत पडून राहिलेली प्रत, क्रॅश रिपोर्टमध्ये चिकटून गेलेला मोबाइल नंबर हे सगळं कुठे गेलं, ते त्या यादीत दिसत नाही. तपासणी करणारा मात्र नेमकं तेच विचारतो.

डेटा भारतात ठेवण्याचे सगळे नियम एकसारखे नाहीत, हे आधी लक्षात घ्यायला हवं. काही नियमांना भारतात एक प्रत असली की पुरते. कंपनीचे हिशेब इलेक्ट्रॉनिक स्वरूपात असतील तर त्यांचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर असावा, एवढंच कंपनी कायद्याखालचे लेखाविषयक नियम सांगतात. मूळ प्रत परदेशात असली तरी त्यांची हरकत नाही. एप्रिल २०२२ मध्ये सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सरकारी सर्ट-इनने १८० दिवसांचे लॉग भारतात ठेवायला सांगितले. त्यांची एखादी प्रत बाहेर असली तरी चालतं. २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आणखी सैल आहे. त्याच्या कलम १६ नुसार सरकारने एखाद्या देशाचं नाव घेऊन मनाई केली नसेल, तर डेटा बाहेर नेता येतो. पण त्याच कलमात पुढे म्हटलंय, की दुसरा एखादा कायदा याहून कडक असेल तर तो कडक कायदाच लागू राहील. नेमकं इथेच पाणी मुरतं. नव्या कायद्यात मोकळीक आहे म्हणून पेमेंटचा डेटा बाहेर नेणारी कंपनी रिझर्व्ह बँकेच्या कचाट्यात सापडते.

रिझर्व्ह बँकेचं ते परिपत्रक ६ एप्रिल २०१८ चं आहे. जेमतेम दोन पानांचं. पेमेंट यंत्रणेचा संपूर्ण डेटा फक्त भारतातच साठवायचा, असं त्यात म्हटलं होतं आणि त्यासाठी सहा महिने दिले होते. मुदत संपली १५ ऑक्टोबर २०१८ ला. भारतात एक आरसा-प्रत ठेवतो, मूळ डेटा आमच्या जागतिक केंद्रात राहू द्या, असा मोठ्या कार्ड कंपन्यांचा आग्रह होता. तो मान्य झाला नाही. २०२१ मध्ये त्याची किंमत दिसली. १ मेपासून अमेरिकन एक्स्प्रेस आणि डायनर्स क्लबला, आणि २२ जुलैपासून मास्टरकार्डला भारतात नवे ग्राहक घ्यायला बंदी झाली. जुनी कार्डं चालू राहिली, पण मास्टरकार्डवरची बंदी उठायला जून २०२२ उजाडला.

कशाकशाला पेमेंटचा डेटा म्हणायचं

जून २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने प्रश्नोत्तरांच्या रूपात खुलासा केला. प्रत्यक्ष काम करणाऱ्याला मूळ परिपत्रकापेक्षा याचा उपयोग जास्त. ग्राहकाचं नाव, मोबाइल, ईमेल, पॅन, आधार. पाठवणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे खात्याचे तपशील. ओटीपी, पिन, पासवर्ड. आणि खुद्द व्यवहाराची माहिती, म्हणजे व्यवहार क्रमांक, वेळ, रक्कम, कुठून कुठे गेला ते. हे सगळं त्यात येतं. म्हणजे ‘आम्ही कार्ड नंबर बाहेर पाठवत नाही’ एवढ्यावर भागत नाही. नुसता व्यवहार क्रमांक, वेळ आणि रक्कम अशी लॉगमधली एक ओळसुद्धा यात मोडते.

याच खुलाशात एक सवलत आहे. प्रक्रिया परदेशात करायला मनाई नाही. पण तिथली प्रत पुसून डेटा भारतात परत आणायचा, तोही व्यवहाराची प्रक्रिया झाल्यापासून एक कामकाजाचा दिवस किंवा २४ तास, यातलं जे आधी येईल त्याच्या आत. व्यवहाराचं एक टोक परदेशात असेल, तर देशांतर्गत भागाचीही प्रत गरजेनुसार तिकडे ठेवता येते. पुढे चार्जबॅकसारखं, म्हणजे ग्राहकाने पैसे परत मागण्यासारखं, काही उद्भवलं तर भारतात ठेवलेला डेटा तिथून केव्हाही पाहता येतो. ज्या परदेशी बँकांना बँकिंगचा डेटा बाहेर ठेवायची आधीपासून खास परवानगी होती, त्यांची ती परवानगी कायम राहिली. पण देशांतर्गत पेमेंटच्या डेटाला त्यांनाही सूट नाही.

२४ तास ऐकायला भरपूर वाटतात. ते कसे संपतात ते एका उदाहरणात बघू.

समजा, पुण्यातली एक पेमेंट कंपनी आहे. दुकानदारांना क्यूआर आणि कार्ड मशीन देते. डेटाबेस मुंबई रीजनमध्ये, सगळं रीतसर. फक्त संशयास्पद व्यवहार ओळखणारी सेवा सिंगापूरमध्ये चालते, कारण ती विकत घेतली तेव्हा पुरवठादाराकडे भारतातलं केंद्रच नव्हतं. कोथरूडमधल्या एका दुकानात शुक्रवारी रात्री ११ वाजता १,२४० रुपयांचं पेमेंट होतं. व्यवहाराचा मेसेज सिंगापूरच्या काफ्कामध्ये, म्हणजे मेसेजची रांग सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, जातो, सेवा तो वाचते, काही मिलिसेकंदांत ‘ठीक आहे’ असं उत्तर मुंबईला येतं आणि ग्राहक पिशवी उचलून निघतो. टीमच्या दृष्टीने मेसेज ‘वापरून झाला’. पण काफ्का वाचलेला मेसेज पुसत नाही. ठरलेली मुदत संपेपर्यंत तो डिस्कवर तसाच राहतो. ही मुदत कोणी बदलली नसेल तर १६८ तास, म्हणजे सात दिवस असते. रिझर्व्ह बँकेची मुदत जास्तीत जास्त शनिवारी रात्री ११ ला संपते. सिंगापूरमधली प्रत मात्र निदान पुढच्या शुक्रवारपर्यंत तिथेच.

हे कोणाच्या तरी लक्षात येतं आणि मुदत १२ तासांवर आणली जाते. टिकेट बंद. पण प्रत अजूनही तिथे असू शकते. काफ्का एकेक मेसेज पुसत नाही, मेसेजचे गठ्ठे फाइलींत साठवतो आणि फाइल अख्खीच पुसतो. फाइलमधला सगळ्यात नवा मेसेज १२ तासांहून जुना झाला की ती फाइल जाते. चालू फाइल एक जीबीची झाली किंवा सात दिवसांची झाली तरच बंद होऊन नवी उघडते. रहदारी कमी असेल तर एक जीबी काही भरत नाही. दर थोड्या वेळाने नवा मेसेज येत राहतो, फाइलचं वय ‘ताजं’ राहतं आणि त्या फाइलच्या तळाशी शुक्रवारचे १,२४० रुपये आठवडाभर पडून राहतात. म्हणून दोन्ही आकडे बदलावे लागतात:

```
retention.ms=43200000
segment.ms=3600000
```

पहिला १२ तास, दुसरा एक तास. आता एखादा मेसेज फार तर तेरा तासांच्या आसपास राहील. हे खरंच झालं का ते सेटिंग बघून कळत नाही. त्या टॉपिकमधला सगळ्यात जुना मेसेज वाचून त्याची वेळ बघायची, आणि हे रोज आपोआप होईल असं करून त्याची नोंद ठेवायची. लेखापरीक्षकाला सेटिंगच्या स्क्रीनशॉटपेक्षा ही नोंद जास्त पटते.

त्यानंतरही त्या क्लस्टरच्या डिस्कचे स्नॅपशॉट राहतात. ते ३५ दिवस ठेवायची कोणी सोय करून ठेवली असेल, तर वरची सगळी मेहनत पाण्यात. सेवेचे स्वतःचे लॉग राहतात. त्या सेवेने निकालासोबत मूळ विनंतीही स्वतःच्या डेटाबेसमध्ये लिहिली असेल तर तीही राहते.

यावर हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे मोबाइल नंबर हॅश करून, म्हणजे उलटा वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात, पाठवायचा. तो कामाचा नाही. दहा आकडी मोबाइल नंबर एकूण किती असणार? सगळ्यांचे हॅश साध्या संगणकावरही काढून ठेवता येतात, मग कुठला हॅश कुणाचा हे शोधणं म्हणजे यादीत बघण्याइतकं सोपं. त्याऐवजी प्रत्येक नंबराला मुंबईत एक यादृच्छिक टोकन द्यावं आणि जोडणीचा तक्ता मुंबईबाहेर जाऊ देऊ नये. पण रक्कम, वेळ आणि व्यवहार क्रमांक तरीही जाणारच, आणि तेही रिझर्व्ह बँकेच्या यादीत आहेतच. माझं मत विचाराल तर अशा सेवेसाठी २४ तासांचं गणित जुळवत बसण्यापेक्षा ती सेवाच मुंबईत आणावी. पुरवठादार तयार नसेल तर पुरवठादार बदलावा. रोज पुसण्याची हमी देत राहणं हे एकदा स्थलांतर करण्याहून महाग पडतं.

दुसरा रीजन कुठला

सगळं मुंबईत ठेवलं तरी दुसरी जागा लागतेच. एका रीजनमध्ये निदान तीन वेगळी केंद्रं असतात हे खरं, पण ॲमेझॉनचं एडब्ल्यूएस स्वतःच सांगतं की ती एकमेकांपासून १०० किलोमीटरच्या आत असतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तो दिवस ज्याने पाहिलाय त्याला १०० किलोमीटरचं वर्तुळ फार मोठं वाटणार नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये हैदराबाद, म्हणजे `ap-south-2`, सुरू होईपर्यंत एडब्ल्यूएसचा भारतात एकच रीजन होता. त्यामुळे आपत्तीच्या वेळची दुसरी जागा म्हणून जवळचं सिंगापूर घ्यायचा मोह व्हायचा. जुन्या खात्यांमध्ये तेव्हाच्या स्क्रिप्ट अजून रोज रात्री इमानेइतबारे तिकडे स्नॅपशॉट पाठवत असू शकतात. हैदराबाद मुंबईपासून सरळ रेषेत सहाशे किलोमीटरहून लांब आहे, पण तो खात्यावर आपोआप चालू नसतो, मुद्दाम चालू करावा लागतो. शिवाय मुंबईत मिळणारी प्रत्येक सेवा तिथे आहेच असं गृहीत धरू नये. आधी यादी ताडून बघावी, नाहीतर ऐन संकटात कळतं की अर्धीच यंत्रणा उभी राहतेय.

मायक्रोसॉफ्टच्या अझ्युअरमध्ये गोष्ट जरा वेगळी. तिथे ‘सेंट्रल इंडिया’ म्हणजे आपलं पुणं, आणि त्याची जोडी ‘साउथ इंडिया’, म्हणजे चेन्नईशी ठरलेली आहे. स्टोरेजला भौगोलिक प्रत ठेवायचा पर्याय निवडला की प्रत या जोडीदाराकडे जाते. भारतात दोघंही देशातच असल्याने निभावतं. पण ‘जोडीदार देशातच असणार’ हा नियम नव्हे. ब्राझीलच्या साओ पावलोजवळच्या रीजनची जोडी अमेरिकेतल्या टेक्ससमधल्या रीजनशी आहे. तिथे नुसता तो एक पर्याय टिक केला की डेटा देशाबाहेर.

कुलूप लावलं तरी

रीजन बंद करायचा सर्रास वापरला जाणारा उपाय म्हणजे पूर्ण संस्थेला लागू होणारी मनाईची पॉलिसी. एडब्ल्यूएसमध्ये ती साधारण अशी दिसते:

```
{
  "Version": "2012-10-17",
  "Statement": [{
    "Effect": "Deny",
    "NotAction": ["iam:*", "sts:*", "route53:*",
                  "cloudfront:*", "support:*"],
    "Resource": "*",
    "Condition": {"StringNotEquals": {
      "aws:RequestedRegion": ["ap-south-1", "ap-south-2"]
    }}
  }]
}
```

मुंबई आणि हैदराबाद सोडून कुठेही काही करायचं नाही, असा याचा अर्थ. वगळलेल्या सेवा बहुतेक जागतिक आहेत; त्यांच्या विनंत्या सहसा अमेरिकेतल्या केंद्राकडे जातात, त्या अडवल्या तर लॉगिनसुद्धा अडकू शकतं. म्हणूनच फाइली साठवणाऱ्या बकेटच्या, सर्व्हरच्या किंवा भूमिकेच्या नावात ग्राहकाचं नाव किंवा खातेक्रमांक घालायचा नाही. सपोर्टच्या तिकिटात खरा व्यवहार चिकटवायचा नाही, हेही त्यातच आलं.

ही पॉलिसी लावाच. पण तिला एक मर्यादा आहे. ती विनंती कुठल्या रीजनला केली ते बघते, तिचा परिणाम कुठे होतो ते बघत नाही. मुंबईतल्या बकेटवर ‘सिंगापूरच्या बकेटमध्ये प्रत कर’ अशी सूचना लावली, तर ती विनंती मुंबईलाच जाते आणि पॉलिसीच्या लेखी सगळं ठीक. सिंगापूरची बकेट पॉलिसीच्या आधीपासून असेल किंवा दुसऱ्याच खात्यात असेल तर प्रत बिनबोभाट जात राहते. शिवाय संस्थेच्या मुख्य खात्याला ही पॉलिसी लागूच होत नाही, आणि सगळ्यात जुन्या, धुळीत पडलेल्या गोष्टी बहुधा त्याच खात्यात असतात. प्रत्येक बकेटला हे विचारून बघावं:

```
aws s3api get-bucket-location --bucket <bucket>
aws s3api get-bucket-replication --bucket <bucket>
```

याहून सोपी खूण बिलात सापडते, आणि मला ती जास्त भरवशाची वाटते, कारण बिल कोणी हाताने लिहीत नाही. सविस्तर बिलात मुंबईला `APS3` आणि सिंगापूरला `APS1` म्हणतात. रीजनचं नाव `ap-south-1` असून बिलात ३ कसं, हे विचारू नका. हे असंच आहे. बिलात `APS3-APS1-AWS-Out-Bytes` अशी ओळ दिसली, तर मुंबईहून सिंगापूरला काहीतरी गेलंय आणि त्याचे पैसे लागलेत. काय गेलं ते शोधायचं. दर महिन्याला ‘APS3’ पासून सुरू होणाऱ्या अशा ओळी गाळून बघायला दहा मिनिटं पुरतात.

बिलात जे दिसणारच नाही ते म्हणजे ग्राहकाच्या फोनवरून थेट बाहेर जाणारं. ॲपमध्ये क्रॅश रिपोर्ट पाठवणारी, वापर मोजणारी लायब्ररी असते. ती तुमच्या मुंबईच्या सर्व्हरला वळसा घालून थेट तिच्या मालकाच्या केंद्राशी बोलते, आणि ते बरेचदा अमेरिकेत असतं. पेमेंटच्या पानावर ॲप कोसळलं की त्या क्षणाची विनंती, म्हणजे नंबर, रक्कम, व्यवहार क्रमांक, रिपोर्टसोबत जाऊ शकते. तपासायचं असेल तर एक टेस्ट फोन mitmproxy सारख्या प्रॉक्सीमागे लावा, एक रुपयाचं पेमेंट करा, ॲप मुद्दाम पाडा आणि कोणकोणत्या पत्त्यांवर काय गेलं ते वाचा. पत्त्याचा आयपी मुंबईचा दिसला म्हणून निश्चिंत होऊ नका. सीडीएनमुळे, म्हणजे ग्राहकाजवळच्या सर्व्हरवरून उत्तर देणाऱ्या जाळ्यामुळे, दार मुंबईत असतं, गोदाम कुठेही असू शकतं. साठवण कुठे होते ते करारातच लिहून घ्यावं लागतं, आणि त्यात बॅकअपचा वेगळा उल्लेख हवा. बाहेरच्या पुरवठादाराकडे डेटा गेला तरी जबाबदारी पेमेंट कंपनीचीच, हे रिझर्व्ह बँकेच्या २०१९च्या खुलाशातच स्पष्ट आहे. तिला हात वर करता येत नाहीत.

आणि हॉस्पिटलचे कागद?

बँकेचं हे सगळं वाचून हॉस्पिटलवाले घाबरतात, पण त्यांचं चित्र वेगळं आहे. पेमेंटसारखा ‘फक्त भारतात’ असा सरसकट नियम भारतात रुग्णांच्या नोंदींसाठी नाही. तिथे २०२३च्या कायद्याचं कलम १६ लागू होईल. मात्र त्याच रुग्णाने कॅशलेस विमा घेतला की कागद दुसऱ्या हद्दीत जातो. विमा नियामकाच्या नियमांनुसार भारतात दिलेल्या पॉलिसी आणि क्लेम यांच्या नोंदी भारतातल्याच डेटा सेंटरमध्ये हव्यात. बंधन विमा कंपनीवर, पण ती ते करारातून टीपीएवर, म्हणजे क्लेम हाताळणाऱ्या मध्यस्थ कंपनीवर, आणि टीपीए पुढे हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरवर ढकलू शकतो. म्हणून एकाच रुग्णाच्या फाइलचे दोन भाग दोन नियमांखाली येतात. डेटाबेसमध्ये क्लेमचे तक्ते वेगळे नसतील तर व्यवहारात कडक नियमच सगळ्याला लागू करावा लागतो.

सॉफ्टवेअर विकणारा हमखास ‘आम्ही हिपा कंप्लायंट आहोत’ असं सांगतो. हिपा हा अमेरिकेचा कायदा, आणि डेटा कुठल्या देशात ठेवायचा याबद्दल तो काहीच अट घालत नाही. पुण्या-मुंबईत बसून अमेरिकी हॉस्पिटलांची बिलिंगची कामं इतकी वर्षं चालली आहेत, त्याला तो आड आला नाही. आड येतात ती काही राज्यांच्या मेडिकेड या सरकारी आरोग्य योजनेच्या करारांमधली वेगळी कलमं. उलट ऑस्ट्रेलियात राष्ट्रीय आरोग्य नोंदींच्या २०१२च्या कायद्याचं कलम ७७ त्या नोंदी देशाबाहेर ठेवायला आणि न्यायला मनाई करतं. त्यामुळे सिडनीच्या क्लिनिकचं काम घेणाऱ्या पुण्यातल्या कंपनीला त्या नोंदींची प्रत इकडच्या टेस्ट सर्व्हरवर उतरवता येत नाही, मग तिच्याकडे कितीही प्रमाणपत्रं असोत. तिथे चाचणीसाठी बनावट रुग्ण तयार करावे लागतात, आणि त्याचे तास अंदाजपत्रकात आधीच धरावे लागतात.